शुद्धिपत्रावरचं नाव

पर्ल किहीमकरच्या नाकावर माशी बसलेली चालत नसे. मग अख्खा सायमन मोजगावकर येऊन बसला, तर ती गप्प राहील होय? इथे इस्राएलमधल्या लोदमध्ये आमचे लोक अजून म्हणतात, बाईने जरा दमाने घेतलं असतं तर बरं झालं असतं. म्हणायला काय जातं! ज्याचं काम कुणी पळवलेलं नाही त्याने दम धरावा.

पर्ल मूळची माझगावची. बापाचा छापखाना होता, लहानसाच. लग्नपत्रिका, पंचांगं, शाळांचे अहवाल, आपल्या मराठी ज्यू समाजाच्या प्रार्थनेच्या मराठी पुस्तिका, असलं काम. आठव्या वर्षी ती बापासमोर स्टुलावर बसून मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायची आणि बाप प्रुफावर पेन्सिल फिरवायचा. अठराव्या वर्षी पेन्सिल तिच्या हातात आली. पुढे सतरा वर्षं तिने प्रुफं वाचली. बाप गेला, छापखाना भावाने विकला, आणि नवरा एलायजा तिला घेऊन इस्राएलला, लोदला आला. तो विमानतळावर सामान चढवण्याच्या कामाला लागला, ती बिस्किटांच्या कारखान्यात. दिवसभर उभं राहून डबे भरायचे. डब्यावर हिब्रू छापलेलं. बोलण्यापुरती हिब्रू तिला आली, बाजारहाट, डॉक्टर, शेजारीण सगळं निभावत होतं. वाचायची मात्र आली नाही. शिकायला गेली होती दोन महिने. "पोरांच्या बाकावर बसून अ-आ-इ-ई माझ्याने होत नाही," म्हणाली आणि वही फेकून दिली.

मग १९६२ साली पेताह तिक्वा गावातल्या एका छापखान्याला मराठीचं काम मिळालं. भारतातून येणाऱ्या आपल्या माणसांसाठी एका सरकारी खात्याला मराठी पुस्तिका काढायच्या होत्या: दवाखान्यात कसं जायचं, मुलाला शाळेत कसं घालायचं, घराचा अर्ज कुठे द्यायचा. छापखान्याचा मालक पिन्हास हा भला माणूस. त्याने मुंबईहून बोटीने देवनागरी खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांच्या पेट्या मागवल्या. आता खिळे आले, पण जुळवणार कोण? त्याच्याकडचा रफाएल, इराकहून आलेला, हिब्रू जुळवण्यात वाघ. मराठीचं एक अक्षर त्याला कळत नव्हतं. तो कागदावरचा आकार बघायचा आणि पेटीतून तसा दिसणारा खिळा उचलायचा. नक्षी जुळवावी तसं.

आणि मजकूर लिहायला, वाचायला? तिथे आले सायमनभाऊ. मुंबईत एका शाळेत हेडक्लार्क होते, इथे आपल्या लोकांच्या मंडळाचे चिटणीस. आवाज भारदस्त, हिब्रू झकास, कोटाची बटणं सदा लावलेली. मराठी पुस्तिका म्हटल्यावर त्यांचंच नाव पुढे येणार. पण पहिलं प्रूफ हातात पडलं आणि सायमनभाऊंना घाम फुटला. प्रूफ वाचणं म्हणजे पेपर वाचणं नव्हे. ते निमूट पर्लच्या दारात आले.

"पर्लबाई, तुम्ही छापखान्यातल्या. जरा बघता का?"

जरा! ते प्रूफ बघून पर्लला हसावं की रडावं कळेना. रफाएलची ओळ भरली नाही की तो सापडेल तिथे स्पेस ठोकायचा, कारण शब्द कुठे संपतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. 'दवाखान्या त', 'मुलां साठी', 'सकाळीसात वाजता'. 'टॅक्सी'च्या डोक्यावर चंद्रबिंदू, आणि 'बँक' बिचारी नुसत्या चंद्रावर. अंकांची तर खिचडी: एका ओळीत ५, दुसरीत 5.

पर्लने त्या पुस्तिकेची तीन प्रुफं वाचली. कारखान्यातून येऊन, पाय गरम पाण्यात सोडून. एलायजा समोर बसून मूळ कागद मोठ्याने वाचायचा, जांभया देत का होईना. पुस्तिका निघाली ती आरशासारखी स्वच्छ. पिन्हासने तिच्यासाठी खजुरांचा डबा पाठवला. सायमनभाऊंनी मंडळात भाषण केलं आणि त्यात पर्लचं नाव घ्यायचं राहून गेलं. "विसरले असतील," एलायजा म्हणाला. "विसरत नाहीत असले लोक," पर्ल म्हणाली, पण तेव्हा तिने ते मनावर घेतलं नाही. कारण तिला दुसरंच काहीतरी खुणावत होतं. खात्याने ठरवलं होतं की अशा बारा पुस्तिका निघतील आणि मराठी प्रुफं वाचायला पिन्हासकडे एक कायमची जागा होईल. क्विऊत म्हणतात इथे त्याला, कायम नोकरी, कुणी हलवू शकत नाही अशी. खुर्ची, टेबल, खिडकी. डबे नाहीत. सगळ्यात मोठं म्हणजे पेन्सिल. पर्लला ती जागा हवी होती. तहानलेल्याला पाणी हवं असतं, तेवढी हवी होती.

सायमनभाऊ म्हणाले, "पिन्हासला दाखवायला काहीतरी लेखी हवं. तुमची पद्धत लिहून द्या ना. मी शब्द टाकतो."

तिने दोन रविवार कारखान्यातून आल्यावर बसून लिहिलं. मुंबईहून भावाने नव्या शुद्धलेखनाच्या नियमांचं कात्रण धाडलं होतं, तेही समोर ठेवलं. तीन कागद, बापाच्या वळणाचं अक्षर. पहिला भाग अनुस्वारांचा: उच्चार होत नाही तिथलं टिंब काढा, नांव नको नाव, पांच नको पाच, पण 'मुलांना', 'लोकांनी' इथलं अनेकवचनाचं टिंब सोडू नका, 'बाईंनी'वरचं मानाचंही नाही. जुनं आणि नवं एका पुस्तकात मिसळू नका. दुसरा भाग चंद्रबिंदूचा: पेटीत दोन खिळे शेजारी आहेत, नुसता चंद्र आणि टिंबवाला चंद्र, बँक, कँप यांना टिंबवाला, बॅग, टॅक्सी यांना नुसता, टिंब झिजून छपाईत उडतं, म्हणून मशीनवरचं प्रूफ भिंगातून बघा. तिसरा भाग जागांचा: साठी, बरोबर, पर्यंत मागच्या शब्दाला चिकटून; पूर्णविरामाआधी जागा नाही, नंतर आहे; दोन शब्दांमध्ये एकच. चौथा अंकांचा: अख्ख्या पुस्तकात अंक एकाच लिपीत. आणि एक अंक दुसऱ्या लिपीत बदलला की तो मूळ कागदाशी ताडून बघा, कारण इंग्रजी 9 आणि आपला १ दिसायला भावंडं आहेत, जुळवणाऱ्याला मराठी येत नसेल तर तो फसणारच.

आणि शेवटच्या कागदाच्या मागच्या बाजूला, जागा संपली म्हणून, तिने कामाची रीत लिहिली. चारही गोष्टी एका वाचनात बघायच्या नाहीत. एका गोष्टीला एक वाचन. जागा बघताना खालच्या ओळीपासून वर यायचं, म्हणजे अर्थ डोळ्याला ओढून नेत नाही. अंक बघताना दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं आणि आपण प्रुफावर बोट ठेवायचं. हीच तर खरी विद्या होती.

१९६३च्या पेसाहच्या सणाआधी ती पेताह तिक्वाला गेली, जागेचं काय झालं ते विचारायला. कारखान्याची सुट्टी मागून, चांगली साडी नेसून. छापखान्याच्या भिंतीवर काचेची चौकट होती. आत मंडळाच्या टाईपरायटरवर टाईप केलेली यादी. वर मथळा, चार भाग, शब्द न् शब्द तिचे. खाली: सायमन मोजगावकर, संपादक व मुद्रितशोधक.

पिन्हासने कौतुकाने दाखवलं. "बघ, मिस्टर सायमनने काय काम केलंय! जागा त्यालाच दिली."

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ती कशी जाते हे पर्लला त्या दिवशी कळलं. सायमनभाऊ आतून आले. कोटाची बटणं लावलेली.

"अहो पर्लबाई, रागावू नका. तुम्हाला हिब्रू वाचता येत नाही, इथे पत्रव्यवहार असतो. आणि आता यादी झालीच आहे ना. यादी बघून कुणीही वाचेल."

कुणीही! सतरा वर्षं, बापाचं स्टूल, गरम पाण्यातले पाय, आणि कुणीही!

ती भिंतीजवळ गेली, यादी नीट वाचली. शेवटच्या कागदाची मागची बाजू त्यात नव्हती. गृहस्थाने कागद उलटलाच नव्हता.

ती घरी आली आणि एलायजाला म्हणाली, "आता बघा तुम्ही."

"सांगून टाक त्या पिन्हासला. तुझ्या अक्षरातले कागद आहेत."

"कागद सायमनकडे आहेत. आणि मी रडत जाऊ? मी नाही जायची. त्याला त्याच्याच यादीने मारते."

एलायजा म्हणाला, "बाई, देवाला भी." आणि पेपरात तोंड घालून बसला.

सायमनची पुस्तिका सप्टेंबरात निघाली. बत्तीस पानं, तीन हजार प्रती. दवाखान्याविषयी होती. सायमनने इमानदारीने यादी समोर ठेवून वाचली होती, चारही भाग एका दमात, कोट घालून, वरून खाली, मजकुराच्या अर्थामध्ये रमत. पर्लने एक प्रत आणली, लाल पेन्सिल घेतली आणि आठवडाभर वाचली. एका गोष्टीला एक वाचन. तेवढा आनंद तिला इस्राएलला आल्यापासून कशानेच झाला नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. दर चुकीला ती नुसतं "हं" म्हणायची. एलायजा आतल्या खोलीतून हं मोजायचा. एकशे सत्तेचाळीस.

अर्ध्या पुस्तकात नाव, अर्ध्यात नांव. लोकांनीवरचं टिंब अकरा ठिकाणी उडालेलं. सायमनचा जीव जुन्या टिंबांवर, जिथे नियम आठवला तिथे पुसली, नाही तिथे राहिली. जागांचं तर विचारूच नका. आणि पान एकोणिसावर, डोळ्यांची तपासणी खोली १. मूळ कागदावर सायमनने स्वतः 9 लिहिला होता. यादीत अंक एकाच लिपीत ठेवा म्हटलंय म्हणून रफाएलला 'सगळे मराठी कर' सांगितलं. रफाएलने 9 बघितला, आपला १ बघितला, भावंड उचललं. सायमनने मूळ कागदाशी ताडलं नाही. आमच्यातल्या एक मिरियाम आजी, डोळ्यांत मोतीबिंदू, पुस्तिका छातीशी धरून खोली १ बाहेर दुपारपर्यंत बसल्या. खोली १ लहान मुलांची होती.

आजींच्या मुलाने खात्याकडे तक्रार केली. पर्लने तेवढ्यातच आपला कागद पिन्हासच्या टेबलावर ठेवला. प्रत्येक चुकीसमोर पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध आणि शेवटच्या रकान्यात, भिंतीवरच्या चौकटीतल्या यादीचं कुठलं कलम मोडलं ते.

पिन्हासला मराठी येत नव्हती, पण रकाने कळतात माणसाला. तो चौकटीकडे बघत राहिला. मग सायमनला बोलावलं. "ही यादी तुझी ना? मग तुला ती पाळता कशी आली नाही?"

पर्लने तेव्हा पिशवीतून वही काढली. यादीचा कच्चा खर्डा तिच्या अक्षरात होता, खाडाखोडीसकट, आणि कामाची रीतही होती. "हे पान विचारा त्यांना," ती म्हणाली. "चार वाचनं का करायची, सांगू देत." सायमनभाऊंनी वही घेतली, ते पान उलटसुलट केलं आणि परत टेबलावर ठेवली.

पिन्हास शहाणा माणूस होता. त्याने सायमनला बाहेर बसवलं आणि पर्लला हळूच म्हणाला, "जागा तुझी. सोमवारपासून ये. सोळा पानांचा एक फर्मा सगळ्यात वाईट आहे, तो मी माझ्या खर्चाने पुन्हा छापतो आणि प्रतींत बदलून टाकतो. बाकीचं पुढच्या आवृत्तीत. खात्याला मी सांगतो, एका खोलीचा नंबर चुकला होता. कुणाला काही कळायचं नाही."

जागा तिची! खुर्ची, टेबल, खिडकी, पेन्सिल! इथेच थांबायला हवं होतं, नाही का? मी तिथे असतो तर तिचे हात धरले असते. आणि तिने माझ्या थोबाडीत दिली असती.

"नाही," पर्ल म्हणाली. "कुणाला कळलंच पाहिजे. शुद्धिपत्र छापा. एकशे सत्तेचाळीस नोंदी, प्रत्येक प्रतीत चिकटवा. आणि वर छापा: मुद्रितशोधक, सायमन मोजगावकर."

"शुद्धिपत्रावर नाव घालतात का तुमच्यात?"

"नाही घालत. यावर घालायचं."

पिन्हास म्हणाला, तसा कागद खात्याला दाखवावा लागेल. पर्ल म्हणाली, दाखवा.

त्या आठवड्यात सायमन तिच्या दारात आला. कोटाची दोन बटणं उघडी होती. आत ये कुणी म्हटलं नाही, तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"पर्लबाई, जागा तुम्ही घ्या. मंडळात मी सगळ्यांसमोर सांगतो की यादी तुमची. माफी मागतो. पण नाव घालू नका. तीन हजार घरांत जाईल हो. माझी पोरगी निली शाळेत मराठी मुलांमध्ये बसते."

खरं सांगू, एलायजाचे डोळे भरून आले. पर्लचे नाही आले.

"माझं नाव काढताना तुमचा हात थरथरला होता का?"

"चुकलो."

"मग चुका छापायच्याच असतात, सायमनभाऊ. त्यालाच शुद्धिपत्र म्हणतात."

आणि तिने दार लावलं. आतून कडी घातली ती सायमनला ऐकू जावी इतक्या जोरात.

शुद्धिपत्र जुळवायला ती स्वतः रफाएलशेजारी उभी राहिली. चार पानं भरली, बारीक टाईपात. चार वाचनं केली. एक टिंब इकडचं तिकडे नव्हतं. सायमनचं नाव तिने ठळक खिळ्यांत घातलं. प्रूफ खात्याकडे गेलं आणि पर्ल सोमवारी खुर्चीवर बसली. नऊ सोमवार बसली ती त्या खुर्चीवर.

दहाव्याला योखेवेद आल्या, खात्याच्या बाई. कोरड्या, कामसू, वाईट म्हणता येणार नाही अशा. त्यांच्या एका हातात बत्तीस पानांची पुस्तिका होती आणि दुसऱ्यात चार पानांचं शुद्धिपत्र. मराठीचं एक अक्षर त्यांनाही येत नव्हतं. त्यांना दिसत होती फक्त लांबी.

"पिन्हास, हे काय आहे? आठ पानांना एक पान चुकांचं? मी हे वर कसं दाखवू?"

पर्लने उभं राहून हिब्रूत सांगायचा प्रयत्न केला. यात बहुतेक टिंबं आहेत, जागा आहेत, माणसं वाचू शकतात, चुकलेली खोली एकच आहे, पुढचं पुस्तक स्वच्छ येईल, मी वाचणार आहे. शब्द अडखळले. टिंबाला हिब्रूत काय म्हणावं, तिला सुचेना.

"बाई," योखेवेद म्हणाल्या, "तुम्हीच लिहिलंय ना एकशे सत्तेचाळीस चुका आहेत? मी तुमच्यावर विश्वास ठेवते."

१९६४च्या जानेवारीत पत्र आलं. उरलेल्या दहा मराठी पुस्तिका रद्द. नव्या लोकांना सोपी हिब्रू पुस्तिका द्यावी, चित्रांसह. मराठीची जागाही रद्द. काम असेल तरच क्विऊत. सायमनचं नाव असलेलं शुद्धिपत्र कुठेच चिकटलं नाही, कारण उरलेल्या प्रती परत मागवून लगद्याला दिल्या. तीन हजार घरांतलं एकही घर ते नाव वाचू शकलं नाही. तिच्या पिशवीत एक प्रूफ राहिलं तेवढंच.

देवनागरी खिळ्यांना पिन्हासकडे आता जागा नव्हती. मार्चमध्ये ते वितळवायला न्यायला तेल अवीवच्या ओतशाळेची गाडी आली. पर्ल परत बिस्किटांच्या कारखान्यात लागली होती, तिथून रजा टाकून गेली होती, का गेली ते तिला विचारलं तर ती चिडायची. रफाएल पेट्या उलट्या करत होता, आणि चंद्र, टिंबवाले चंद्र, अनुस्वार, १ आणि ९ एकाच पोत्यात धो धो पडत होते. सायमनही आला होता. दाराशी उभा. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्या छापखान्यात त्या पोत्यातली अक्षरं वाचता येणारी तीच दोन माणसं होती.

"झालं समाधान?" सायमनने मराठीत विचारलं.

"झालं," पर्ल म्हणाली. आणि झालंही होतं. खोटं कशाला सांगू?

गाडीवाल्याला माल दिल्याचा कागद हवा होता, साक्षीदाराच्या सहीसकट. पिन्हासने तो तिच्यापुढे धरला. "वाचून घे आणि सही कर." पर्लने कागद हातात घेतला. अख्खं पान हिब्रू. तिने वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, मग खालपासून वर. एक अक्षर लागलं नाही. सायमन दारातून बघत होता. तो वाचून देऊ शकला असता, त्याने एक पाऊल टाकलंही. पर्लने त्याच्याकडे पाठ केली आणि न वाचता सही केली.